लग्न झालेलं नाही, पुरुषाशी संबंध नाही, मग पॅप स्मिअर करायची की नाही?

पळसफूल (धागाकर्ती)
आम्ही दोघी नागपूरच्याच. माझं वय ३४, पुरुषाशी संबंध कधीच आला नाही. जोडीदारीण ३८ वर्षांची, घटस्फोटित. लग्नात असताना २९ व्या वर्षी तिची एकदा पॅप झाली होती, नॉर्मल आली होती. गेली चार वर्षं आम्ही एकत्र आहोत.

मागच्या महिन्यात रामदासपेठेत एका डॉक्टरांकडे पाळीच्या तक्रारीसाठी गेले होते, तेव्हा पॅपचं विचारलं. त्यांनी विचारलं, "लग्न झालंय?" मी नाही म्हटलं. "मग तुला गरज नाही," एवढ्यावर विषय संपला. जोडीदारिणीला वाटतं की आता तिचा पुरुषाशी संबंध नाही, म्हणून तिलाही गरज नाही. हे बरोबर आहे का? आणि करायचीच असेल तर नेमकं काय करायचं, कुठलं आधी, कितीदा? दिलासा देणारी उत्तरं नकोत, नीट माहिती हवी.

संत्राबर्फी
माझ्या माहितीप्रमाणे डॉक्टर बरोबर आहेत. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्हीमुळे होतो आणि एचपीव्ही पुरुषाकडून येतो. म्हणून तर नन्समध्ये हा कॅन्सर फार कमी दिसतो असं शिकवतात. दोघी बायकांमध्ये वीर्यच नाही, तर विषाणू येणार कुठून? तुमच्या जोडीदारिणीचं लग्न झालं होतं, तिने करावी. तुम्ही पैसे वाया घालवू नका.

कोरांटी
संत्राबर्फी, तुमचं पहिलं वाक्य अर्धं बरोबर आहे. कॅन्सर एचपीव्हीमुळे होतो हे खरं. पण एचपीव्ही वीर्यातून पसरणारा विषाणू नाही, तो कातडीतून आणि ओल्या त्वचेतून पसरतो. योनीभोवतीची त्वचा एकमेकींना घासली, एकीच्या ओल्या हाताची बोटं लगेच दुसरीच्या आत गेली, एकच खेळणं दोघींनी वापरलं, एवढं त्याला पुरतं. पुरुषाशी कधीच संबंध न आलेल्या बायकांमध्येही हा विषाणू सापडलेला आहे, आणि त्यांच्यातल्या काहींच्या पॅपमध्ये बदलही दिसलेले आहेत. नन्सचं उदाहरण इथे लागू पडत नाही. त्यांच्यात कमी दिसतो कारण कोणाशीच संबंध नाही. पुरुषाशी नाही म्हणून नव्हे.

आता पळसफूल, तुमच्या जोडीचाच हिशोब मांडून बघा. जोडीदारिणीला लग्नात असताना हा विषाणू आला असू शकतो. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत निघून जातो, पण थोड्या जणींमध्ये राहतो, आणि राहिला तर त्रास काहीच होत नाही. ना दुखणं, ना स्राव. चार वर्षांत तो तुमच्याकडेही आलेला असू शकतो. म्हणजे तुमचा पुरुषाशी संबंध नसला तरी तिच्या आधीच्या संबंधांचा धागा तुमच्यापर्यंत पोचतो. उलटही होऊ शकतं. आणि समजा दोघींच्याही आयुष्यात पुरुष आला नसता, तरी आधीच्या जोडीदारिणी असतातच.

तिची २९ ची पॅप आता मोजायची नाही. पॅपचं उत्तर साधारण तीन वर्षं धरतात, तिला नऊ झाली. आज पुरुषाशी संबंध नाही म्हणून पूर्वीचा विषाणू रजा घेत नाही. साध्या प्रकृतीच्या बाईत संसर्गापासून कॅन्सरपर्यंत पंधरा-वीस वर्षं जातात, म्हणून तिशी-चाळिशीत शोधणं कामाचं. थोडक्यात, तुम्हा दोघींनाही करायची आहे.

संत्राबर्फी
बरं, कातडीचं मला ठाऊक नव्हतं. पण मग धोका बायका-पुरुषाइतकाच आहे का?

कोरांटी
इतकाच आहे असं मी म्हणणार नाही. बोटांमुळे नेमका किती पसरतो याचा पक्का आकडा कोणाकडे नाही. कमी असेल, पण शून्य नाही. तपासणीचा निर्णय "किती" वर घेत नाहीत, शक्य आहे की नाही यावर घेतात.

वर्धारोड_०७
एक सोपं सांगतो, माझ्या वहिनीला डॉक्टरांनी सांगितलं होतं. पॅप एकदा नॉर्मल आली की सगळे गुप्तरोग क्लिअर. तर दोघींनी एकदा करून टाका, टेन्शन संपलं.

स्लाइडवाली
हा गैरसमज आमच्या लॅबमध्ये रोज ऐकू येतो, म्हणून थांबवते. पॅपमध्ये आम्ही गर्भाशयमुखावरच्या पेशींचा आकार बघतो, बस. क्लॅमायडिया, गनोरिया, सिफिलिस, एचआयव्ही यांची पॅपने तपासणी होत नाही. कधी स्लाइडवर ट्रायकोमोनास किंवा बुरशी दिसली तर आम्ही लिहितो, पण ते सहज नजरेला पडलेलं असतं, शोधलेलं नाही. सिफिलिस आणि एचआयव्हीसाठी रक्त द्यावं लागतं, क्लॅमायडिया-गनोरियासाठी स्वॅब. पॅप आणि एचपीव्हीची तपासणीसुद्धा वेगळी. पॅप म्हणजे पेशी बिघडल्या का, आणि एचपीव्ही डीएनए म्हणजे बिघडवणारा विषाणू आहे का.

पळसफूल, नमुना घेताना काय चुकतं तेही सांगते, कारण रिपोर्ट खराब आला की बायकांना वाटतं आपल्यात दोष आहे. जुन्या पद्धतीत लाकडी स्पॅच्युला मुखाभोवती पूर्ण गोल फिरवतात, ब्रश आत घालून अर्धा फेरा देतात, आणि ते काचेवर पसरून लगेच ९५ टक्के अल्कोहोलच्या बरणीत बुडवतात. बरणीत टाकायला उशीर झाला की पेशी वाळतात, फुगलेल्या दिसतात आणि वाचताच येत नाहीत. दुसरी चूक म्हणजे आत बघायला जे साधन घालतात त्या स्पेक्युलमच्या टोकाला भरपूर जेल. ते काचेवर निळसर चिखलासारखं पसरतं आणि पेशी झाकून टाकतं. कोमट पाणी पुरतं, जेल लावायचंच तर पातळ थर, तोही बाहेरच्या बाजूला. पाळीच्या दिवसात रक्त येतं म्हणून तेव्हा नको. अशा कारणांनी रिपोर्टवर "अनसॅटिस्फॅक्टरी" येतं. त्याचा अर्थ वाईट असा नाही, वाचता आलं नाही एवढाच. दोन ते चार महिन्यांत पुन्हा द्यायचं.

बाटलीतल्या द्रवात ब्रश बुडवायची नवी पद्धत असेल तर वाळण्याचा प्रश्न येत नाही, आणि त्याच बाटलीतून एचपीव्हीही करता येतो. एकदाच आत बघावं लागतं. विचारताना "लिक्विड बेस्ड" म्हणा.

आधीच्या दोन दिवसांत आत बोटं, खेळणं, क्रीम, गोळी, धुणं काही नको. हे पुरुषांच्या संदर्भात सांगतात म्हणून तुम्हाला लागू नाही असं समजू नका. बोटांनीही पेशी खरवडल्या जातात.

कोरांटी
तिशीनंतर जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही डीएनएला पहिला मान देते. नकारात्मक आला तर पाच ते दहा वर्षांनी पुन्हा. म्हणून दोघींनीही आधी एचपीव्ही करावा असं माझं मत. फक्त पॅपच मिळत असेल तर दर तीन वर्षांनी. सरकारी आरोग्य केंद्रांत तीस ते पासष्ट वयासाठी एक वेगळी तपासणी असते. गर्भाशयमुखावर सौम्य अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून मिनिटभर थांबतात आणि पांढरा डाग उठतो का ते डोळ्यांनी बघतात. ती फुकट असते आणि काहीच न करण्यापेक्षा पुष्कळ बरी.

तीनचाकी
विषय थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारते. मला पातळ पांढुरका स्राव आहे आणि संबंधानंतर खूप वास येतो. मेडिकलवाला प्रत्येक वेळी फंगसची १५० मिलिग्रॅमची एक गोळी देतो. तीनदा घेतली, दोन दिवस बरं वाटतं आणि परत तेच. जोडीदारिणीलाही आता सुरू झालंय. ही एचपीव्हीच असेल का?

कोरांटी
नाही, एचपीव्हीमुळे वास येत नाही. पण हा प्रश्न इथे बरोबरच आला, कारण बायकांच्या जोड्यांमध्ये ही गोष्ट सगळ्यात जास्त दिसते. वर्णन बॅक्टेरियल व्हजायनोसिसचं वाटतंय. योनीतले चांगले जंतू कमी होतात आणि दुसरे वाढतात. मासळीसारखा वास, पातळ राखाडी-पांढरा स्राव, खाज फारशी नाही. बुरशी असेल तर उलट असतं. दह्याच्या गुठळ्यांसारखा स्राव, खूप खाज, वास नाही. तुमच्या गोळीने बुरशी मरते, आणि तुमच्यात ती बहुधा नाहीच, म्हणून परत येतंय. खरी ओळख सोपी असते. स्रावाचा पीएच कागदावर साडेचारच्या वर जातो, त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की वास भपकन येतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली कडा जंतूंनी झाकलेल्या पेशी दिसतात. नेहमीचा उपचार मेट्रोनिडॅझोल ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस. पण मेडिकलवाल्याकडून अंदाजाने घेऊ नका. ट्रायकोमोनास निघाला तर दोघींनी एकाच वेळी औषध घ्यावं लागतं, नाहीतर ती तुम्हाला आणि तुम्ही तिला परत देत राहता. व्हजायनोसिसमध्ये जोडीदारिणीला लक्षणं असतील तर तिचीही तपासणी करतात.

मेडिकल आणि मेयोसारख्या सरकारी रुग्णालयांत सुरक्षा क्लिनिक असतं, तिथे तपासणी आणि गोळ्यांचे किट फुकट मिळतात. तिथल्या किटमध्येही बुरशीची गोळी असते, पण सोबत सेकनिडॅझोलही असतं, आणि तुमच्यासाठी कामाचं तेच आहे. आणि साबण, सॅव्हलॉन, व्हजायनल वॉश आत घालणं आज बंद करा. आतलं धुतल्याने चांगले जंतू आणखी जातात.

निळीशाई
आमच्याकडे एकच खेळणं आहे, दोघी वापरतो. मधे सॅनिटायझरने पुसतो. ७० टक्के अल्कोहोलवालं आहे, त्यामुळे काही राहत नसेल ना?

स्लाइडवाली
राहतं. अल्कोहोलने बऱ्याच जंतूंचा बंदोबस्त होतो, पण एचपीव्हीवर चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे अल्कोहोल त्याचं फारसं काही बिघडवत नाही. अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात मऊ प्लास्टिकच्या व्हायब्रेटरवर, धुतल्यानंतर चोवीस तासांनीही काहींवर विषाणूचा अंश सापडला होता. शिवाय सॅनिटायझरचा ओलावा आतल्या नाजूक त्वचेला जाळतो.

खेळणं कशाचं आहे त्यावर ठरतं. मोटर नसलेलं शुद्ध सिलिकॉन, काच किंवा स्टील असेल तर दहा मिनिटं उकळा. मोटर असेल तर साबण-पाणी, पण तेवढ्यावर विसंबू नका. दाबल्यावर जेलीसारखं मऊ लागणारं, वास येणारं, चिकट होत जाणारं असेल तर त्याला बारीक छिद्रं असतात आणि ते कधीच पूर्ण स्वच्छ होत नाही. मोटरचं असो की असं मऊ, त्यावर कंडोम चढवा, आणि एकीकडून दुसरीकडे जाताना कंडोम बदला. मागच्या बाजूकडून पुढे येतानाही बदला. दोघींसाठी दोन खेळणी ठेवणं सगळ्यात सोपं.

निळीशाई
बदलायचं हे कळलं. पण तोंडाने करताना काय? डेंटल डॅम म्हणतात तो मधे धरायचा रबराचा पडदा इथे मिळतच नाही, धंतोलीत दोन दुकानं पालथी घातली.

कोरांटी
कंडोमपासून करता येतो. पाकीट फोडून पूर्ण उलगडा. कात्रीने टोक कापून टाका, खालची जाड कडी कापून टाका, मग नळीला एका बाजूने उभी चीर द्या. चौकोनी पातळ पडदा तयार होतो. एका कोपऱ्यावर पेनाने खूण करा म्हणजे कोणती बाजू तिच्याकडे होती ते कळतं, मधे उलटलं तर सगळं फुकट जातं. तिच्या बाजूला पाण्यावर आधारलेल्या जेलीचा थेंब लावा, नाहीतर कोरडं घासतं आणि कोणालाच आवडत नाही.

दोन चुका फार होतात. "जास्त वेळ टिकणारा" असं लिहिलेला कंडोम घेऊ नका. त्यात बधिर करणारं औषध असतं, जीभही सुन्न होते आणि तीही. आणि आपल्या घरातलं खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लेटेक्सला लावू नका. तेलाने रबर काही मिनिटांतच कमजोर होतं आणि न दिसता फाटतं. तेलच आवडत असेल तर निळे नायट्राइलचे हातमोजे घ्या, ते टिकतात. मोज्याची बोटं कापून बाजूने फाडलं तर त्याचाही डॅम होतो.

संत्राबर्फी
हे रोजच कोण करेल? चार वर्षं सोबत असलेल्या दोघी दर वेळी कात्री घेऊन बसतील का?

कोरांटी
नाही बसणार, आणि मी तसं सांगतही नाही. अनेक जोड्या ठरवतात की आधी दोघींनी तपासण्या करून घ्यायच्या, दुसरं कोणी नसेल तर नंतर पडदा लागत नाही. एकीला ओठावर नागिणीसारखा फोड आला असेल, पाळी चालू असेल किंवा नवी जोडीदारीण असेल, तेव्हा नक्की वापरा. ओठावरच्या फोडाचा विषाणू तोंडातून खाली जातो, हे बऱ्याच जणींना ठाऊक नसतं. आणि नखं. छाटून कडा घासून घ्या, कारण आत ओरखडा पडला की तिथूनच सगळं शिरतं.

सदर_सावली
मूळ प्रश्नाकडे येते. डॉक्टरांनी "अविवाहित, म्हणून आत बघत नाही" म्हटलं तर काय करायचं? कौमार्यपडदा फाटेल अशी भीती घालतात, आईला बोलवा म्हणतात. माझ्या मते खोटं सांगावं की लग्न झालंय. सोपं पडतं.

कोरांटी
मला खोटं आवडत नाही, कारण मग गर्भनिरोधक, मूल, नवरा यांचे प्रश्न येतात आणि खरं कारण मागे पडतं. एवढंच वाक्य सांगून बघा: "माझे लैंगिक संबंध आहेत, जोडीदार बाई आहे, आत बोटं आणि खेळणं वापरलं जातं, मला एचपीव्ही करायचा आहे." प्रौढ बाईला आईची सही लागत नाही. स्पेक्युलम लहान मागा, आणि स्वतः हळूहळू आत घालायची परवानगी मागा, बऱ्याच ठिकाणी देतात.

सदर_सावली
तुम्हाला सांगायला सोपं आहे. मी अशी एक ओपीडी बघितली आहे जिथे हे वाक्य बाहेर बसलेल्या बायांना ऐकू गेलं. सगळ्याच ठिकाणी ते सांगता येत नाही.

कोरांटी
हे तुमचं बरोबर आहे. तिथे मी खोटं बोला म्हणणार नाही, आणि सगळं सांगा असंही म्हणणार नाही. "सेक्शुअली अ‍ॅक्टिव्ह आहे" एवढं पुरतं. आत बघायला जमत नसेल तर एचपीव्हीचा नमुना स्वतःही घेता येतो. स्वॅब आत घालून किटवर लिहिलेलं असेल तितकं फिरवायचं आणि नळीत टाकायचं. विषाणू योनीच्या भिंतीवरही सापडतो. मात्र ही सोय एचपीव्हीसाठीच आहे, पॅपसाठी नाही. पेशी मुखावरच्याच हव्यात, त्या आपल्या हाताने नीट येत नाहीत. आणि लॅब स्वतः घेतलेला नमुना स्वीकारते का ते आधी फोनवर विचारा.

वर्धारोड_०७
मग लस घेऊन टाकली तर ही सगळी भानगड नको ना?

कोरांटी
लस आधी आलेला विषाणू काढत नाही, आणि सगळे प्रकार झाकत नाही. १६ आणि १८ हे दोन प्रकार गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी साधारण सत्तर टक्क्यांमागे असतात. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक ९ ते २६ वयासाठी आहे, पंधरानंतर तीन डोस, शून्य, दोन आणि सहा महिन्यांनी. चौतीस-अडतीसमध्ये फायदा कमी होतो, डॉक्टरांशी बोलून ठरवा. लस घेतली तरी तपासणी ठेवावीच लागते.

पळसफूल
एक शेवटचं. समजा माझा एचपीव्ही पॉझिटिव्ह आला. मग ती माझ्याशी खोटं बोलली असा अर्थ होतो का? हे आम्ही आधीच बोलून ठेवलं तर बरं.

कोरांटी
अजिबात नाही. कधी आला, कोणाकडून आला, हे तपासणी सांगत नाही. तो कित्येक वर्षं दडून राहू शकतो. पॉझिटिव्ह आला तर पुढचा रस्ता असा: १६ किंवा १८ असेल तर सरळ कोल्पोस्कोपी, म्हणजे मोठं करून बघणं आणि शंका आली तर छोटा तुकडा काढणं. बाकीचे प्रकार असतील तर पॅप, आणि ती नॉर्मल असेल तर वर्षाने पुन्हा एचपीव्ही. कोल्पोस्कोपी मेडिकल रुग्णालयात होते. एकीचा पॉझिटिव्ह आला म्हणून दुसरीवर उपचार होत नाहीत, तिचं आपलं वेळापत्रक चालू ठेवायचं.

पळसफूल
मग दोघी एकाच दिवशी जातो. माझी पाळी येत्या सोमवारी येईल, तिची त्यानंतर आठवड्याने. दोघींना चालेल असा दिवस कोणता?

स्लाइडवाली
तिची पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी जा, तेव्हा तुमचा साधारण सतरावा दिवस असेल, चालतो. आधीचे दोन दिवस लक्षात ठेवा.